एका अंगठ्याने ऑर्डर टाइप करताय? आधी कीबोर्ड हाताशी आणा!



इचलकरंजीत कापडाचा धंदा म्हणजे एका हातात तागा आणि दुसऱ्या हातात फोन. समजा, सूतवाल्याचा मेसेज आला, "किती मीटरचा माल काढायचाय?" तुम्ही उजव्या अंगठ्याने टाइप केलं 2200 आणि पाठवून दिलं. खरं तर हवे होते 1200. सूत जास्त आलं, पैसे अडकले. आपण म्हणतो, "घाईत चुकलं." पण ही चूक घाईची नाही, अंगठ्याच्या पोहोचीची आहे.

मोठा फोन उजव्या हातात धरला की सगळ्यात लांब पडते ती डावी कड. 1 तिथेच असतो. अंगठा ताणूनही थोडा अलीकडेच टेकतो आणि दाबला जातो शेजारचा 2.

आधी आपली चूक कोणती ते ओळखा. नोट्स उघडा, एका हातात काहीतरी धरा आणि न बघता सुधारता 1234567890 दहा वेळा टाइप करा. आता चुका बघा.

चूक आडवी असेल, म्हणजे 1 च्या जागी 2, a च्या जागी s, तर वन-हँडेड मोड लावा. Gboard मध्ये कीबोर्डच्या वरच्या पट्टीतल्या चार चौकोनांच्या चिन्हावर टॅप करा आणि One-handed निवडा. कीबोर्ड अरुंद होऊन एका बाजूला सरकतो. डावखुरे असाल तर रिकाम्या जागेतला बाण दाबा, तो डावीकडे जाईल.

चूक उभी असेल, म्हणजे 1 च्या जागी खालचा q, तर Settings, मग Preferences, मग Keyboard height मध्ये जाऊन उंची एक पायरी वाढवा. बटणं उंच होतात, ओळी नीट वेगळ्या लागतात. तिथेच Number row चालू करा, म्हणजे आकड्यांसाठी दरवेळी ?123 दाबावं लागत नाही.

पण उंची एकदम सगळ्यात मोठी करू नका. एक तर वरची आकड्यांची ओळ पुन्हा अंगठ्यापासून लांब जाते. दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाचा मेसेज कीबोर्डमागे झाकला जातो आणि दर बघायला सारखं वर-खाली करावं लागतं.

आणखी एक अडचण सांगतो. वन-हँडेडमध्ये बटणं अरुंद होतात. मराठी अक्षरांच्या कीबोर्डवर एका ओळीत बटणं जास्त असतात, त्यामुळे तिथे हे जास्त जाणवतं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना हा मोड सोपा जातो.

बदल केल्यावर तीच दहा वेळांची चाचणी परत घ्या. डावीकडचे आकडे अजूनही चुकत असतील, तर मीटर आणि दर टाइप करताना तागा खाली ठेवा आणि दुसरा हात लावा. "नमस्कार", "माल पोचला" एका अंगठ्याने चालेल. आकडा नाही.

आजच चाचणी घ्या आणि तुमची चूक आडवी निघाली की उभी, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा!