तक्ता आपल्याच बँकेला पहिला नंबर देतो तेव्हा

आमच्या सहकारी बँकेच्या मोबाइल ॲपची इतर बँकांच्या ॲपशी तुलना करणारा पहिला तक्ता ॲप बनवणाऱ्या कंपनीनेच करून दिला होता. डावीकडे सुविधांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येक बँकेच्या रकान्यात बरोबरची किंवा चुकीची खूण. बरोबरच्या खुणा सर्वांत जास्त आमच्या नावावर असल्याने संचालक मंडळ खूश झाले. पुढच्या वर्षीचा खर्च आणखी सुविधांवर करायचा, असेही जवळपास ठरले. गुढियारी शाखेचे व्यवस्थापक मात्र सांगत होते की बाजारातले व्यापारी खाते आमच्याकडे ठेवतात आणि पैसे दुसऱ्याच बँकेच्या ॲपवरून पाठवतात.

गुढियारी म्हणजे रायपुरातला किराण्याचा घाऊक बाजार. तिथे संध्याकाळी माल भरून गाडी उभी असते आणि पैसे पोचल्याशिवाय ती हलत नाही. एका दुकानात मी बसलो असताना मुनीमजींनी आमच्या ॲपवरून पैसे पाठवले. खात्यातून रक्कम वजा झाली, समोरच्याला मिळाली नाही, आणि पडद्यावर ‘प्रलंबित’ एवढेच दिसत राहिले. ‘तक्रार’ या बटणावर बोट ठेवले तर शाखेचा फोन लागला. शाखा केव्हाच बंद झालेली. कंपनीच्या तक्त्यात ‘तक्रार निवारण’ या ओळीपुढे आमच्या रकान्यात बरोबरची खूण होती, आणि ती खूण म्हणजे हे बटण!

सुविधा आहे की नाही, एवढेच विचारणारा तक्ता नेहमी असा फसवतो. म्हणून नवा तक्ता करताना आम्ही कामाचा क्रम उलटा केला. आधी निकष आणि त्यांचे भारांक ठरवले, ते कागदावर लिहून सह्या घेतल्या आणि मगच ॲप उघडली. आकडे हाती आल्यावर भारांक ठरवायला बसले की आपले ॲप वर येईल असेच ते ठरतात.

निकष चारच ठेवले आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण. कोणता गुण कशासाठी द्यायचा, तेही आधीच लिहिले. तक्रारीचे उदाहरण घ्या. शाखेत जावे लागत असेल किंवा फोन करावा लागत असेल तर १. ॲपमधून तक्रार क्रमांक मिळतो, पण पुढे काय झाले ते कळत नाही, तर ३. क्रमांक मिळतो, तक्रारीची स्थिती दिसते आणि पैसे मुदतीत परत येतात, तर ५. ही मुदत आमच्या मनची नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम पोचली नाही तर ती व्यवहारानंतरच्या एका दिवसात आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

सुरक्षिततेला आम्ही गुण दिले नाहीत, ती पात्रतेची अट ठेवली. सुरक्षेत कमी पण दिसायला सुंदर, अशी भरपाई बँकेच्या ॲपमध्ये चालत नाही. नोंदणीचा आकडाही निकषांतून वगळला. १० ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँक ऑफ बडोदाच्या ‘बॉब वर्ल्ड’ ॲपवर नवे ग्राहक घेणे थांबवले, ते ग्राहक जोडण्याच्या पद्धतीवरच आक्षेप असल्यामुळे. ती बंदी मे २०२४मध्ये उठली. किती जणांनी ॲप घेतले यावरून ते किती चांगले चालते हे कळत नाही. प्ले स्टोअरचे तारेही असेच. काही ॲप पैसे यशस्वीपणे गेल्यावरच तारे मागतात.

चाचणी ऑफिसच्या वायफायवर न घेता बाजारात, संध्याकाळच्या गर्दीत घेतली. सगळ्या ॲपसाठी एकच साधा अँड्रॉइड फोन, एकच मोबाइल कंपनी आणि रक्कमही सारखी. पैसे एकाच बँकेतल्या खात्यात पाठवले, कारण व्यवहार अडकतो तेव्हा दोष पैसे घेणाऱ्या बँकेचाही असू शकतो. वेळ मोजायला आमचे कर्मचारी घेतले नाहीत, त्यांना आमचे ॲप पाठ असते.

व्यवहार फसला तर का फसला, हे नोंदवणे सर्वांत महत्त्वाचे. चुकीचा पिन, अपुरी शिल्लक किंवा संपलेली मर्यादा ही कारणे वेगळी, आणि बँकेची यंत्रणा बंद पडणे वेगळे. एनपीसीआय मोठ्या बँकांचे आकडे दरमहा याच दोन भागांत प्रसिद्ध करते. तुलनेत फक्त दुसरा भाग धरायचा. इथे एक सापळा आहे. नव्या फोनवर यूपीआय सुरू केले की पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांची मर्यादा असते. चाचणीसाठी कालच नोंदवलेले स्पर्धक ॲप मोठी रक्कम नाकारते आणि आपल्या जुन्या खात्यातून ती आरामात जाते. तक्त्यात हे त्यांचे अपयश म्हणून चढले तर तो सरळ अन्याय होय.

शेवटी तक्ता असा झाला. कंसाबाहेर पाचपैकी गुण आहेत, कंसात भारांकानुसार आलेले गुण.

| निकष | भारांक | आपली बँक | बँक अ | बँक ब |
|---|---|---|---|---|
| गर्दीत व्यवहार पार पडणे | ३५ | ३ (२१) | ४ (२८) | ४ (२८) |
| अडकलेले पैसे आणि तक्रार | २५ | १ (५) | ३ (१५) | ४ (२०) |
| रोजच्या कामांना लागणारा वेळ | २५ | ४ (२०) | २ (१०) | ४ (२०) |
| भाषा, साध्या फोनवर चालणे | १५ | ४ (१२) | ४ (१२) | २ (६) |
| एकूण | १०० | ५८ | ६५ | ७४ |

आपण शेवटचे आहोत, एवढेच सांगून थांबलो असतो तर निष्कर्ष अर्धवट राहिला असता. आम्ही भारांक हलवून पाहिले. पहिल्या आणि तिसऱ्या निकषाच्या भारांकांत दहाचा फरक केला, म्हणजे २५ आणि ३५ धरले, तर आमचे ६०, अ चे ६१ आणि ब चे ७४ होतात. म्हणजे ब पहिली, हे पक्के. आपण अ च्या मागे आहोत, हे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. मग तक्रारीची ओळ झाकून बेरीज केली. ७५पैकी आमचे ५३, अ चे ५० आणि ब चे ५४! ब शी असलेल्या १६ गुणांच्या अंतरातले १५ गुण त्या एका ओळीत होते.

म्हणून मंडळापुढे निष्कर्ष एका वाक्यात ठेवला: नव्या सुविधा थांबवा, आधी तक्रार क्रमांक, तक्रारीची स्थिती आणि मुदतीत परतावा द्या. तक्रारीचा गुण १ वरून ४ वर गेला तर आमची बेरीज ७३ होते, इतर काहीही न बदलता. या आकड्यांची मर्यादाही खाली लिहिली. हा निष्कर्ष गुढियारीच्या व्यापाऱ्यांपुरता आहे. पेन्शनर किंवा विद्यार्थी ग्राहकांसाठी भारांक नव्याने ठरवावे लागतील.

तुमच्या टेबलावर असा तक्ता आला तर तीन गोष्टी विचारा: भारांक कोणी आणि केव्हा ठरवले, चाचणी कुठे आणि कोणत्या फोनवर झाली, आणि कोणती ओळ काढली तर क्रम बदलतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर त्या तक्त्यावर पैसे खर्च करू नका.