समभुज चौकोन : तिरपी बाजू आणि खरी उंची

इयत्ता आठवीच्या गणितात समभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाचे सूत्र येते : दोन कर्णांच्या लांबींचा गुणाकार करावा आणि त्याचे निम्मे घ्यावे. सूत्र एका ओळीचे आहे आणि विद्यार्थ्यांना ते पाठही असते. तरीही शिवाजी पेठेतील असो वा एखाद्या खेड्यातील, कोणत्याही शाळेच्या उत्तरपत्रिकांत याच उदाहरणावर एक ठरावीक चूक पुन:पुन्हा आढळते. विद्यार्थी चौकोनाच्या तिरप्या बाजूलाच त्याची उंची समजतो. ही चूक आजच्या मुलांपुरती मर्यादित नाही. ती फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला तर चुकीचे कारणही उमगते.

भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेखात आहे. या लीलावतीत एक उदाहरण येते. एका चौकोनाच्या चारही बाजू २५ आहेत. त्याचे कर्ण आणि क्षेत्रफळ सांगा. वरवर पाहता उदाहरण सोपे वाटते. परंतु भास्कराचार्य त्याचे एकच उत्तर देत नाहीत. एक कर्ण ३० मानला, तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६०० होते. एक कर्ण १४ मानला, तर दुसरा ४८ येतो आणि क्षेत्रफळ ३३६ होते. दोन्ही कर्ण समान असतील, तर तो चौरस होतो आणि क्षेत्रफळ ६२५ भरते. बाजू त्याच, क्षेत्रफळे मात्र तीन. म्हणूनच कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला, आणि त्याचे उत्तर देणाऱ्यालाही, भास्कराचार्यांनी पिशाच म्हणून झोडपले आहे.

हे पडताळण्यासाठी २५ सेंटिमीटर लांबीच्या चार काड्या घ्याव्यात आणि त्यांची टोके दोऱ्याने सैलसर बांधावीत. प्रथम चौरस तयार होईल. आता एक कोपरा हळूहळू बाजूला ढकलावा. काड्यांची लांबी तसूभरही बदलत नाही, पण समोरासमोरच्या काड्यांमधील अंतर कमी कमी होत जाते आणि आकृती चपटी होते. शेवटी चारही काड्या एकमेकींना चिकटतात आणि आत जागाच उरत नाही. समोरासमोरच्या बाजूंमधील हे लंब अंतर म्हणजेच उंची. चौरस असताना ती बाजूएवढी, म्हणजे २५ असते. तिरपेपणा आला की ती बाजूपेक्षा नेहमी लहान असते. पहिल्या समभुज चौकोनात ती २४ आहे, कारण २५ गुणिले २४ म्हणजे ६००. दुसऱ्यात ती केवळ १३.४४ आहे. ‘पाया गुणिले उंची’ हे सूत्र घेऊन जो २५ गुणिले २५ करतो, तो तिरप्या चौकोनाचे नव्हे, तर चौरसाचे क्षेत्रफळ काढत असतो.

कर्णांच्या सूत्रात हा गोंधळ टळतो, कारण समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात. ३० आणि ४० कर्णांच्या चौकोनाभोवती, प्रत्येक शिरोबिंदूतून कर्णांना समांतर रेषा काढून आयत पूर्ण करावा. तो ३० बाय ४०, म्हणजे १२०० क्षेत्रफळाचा होतो. कर्णांमुळे चौकोनाचे चार काटकोन त्रिकोण होतात आणि चौकोनाबाहेर, आयताच्या चार कोपऱ्यांत, तसेच आणखी चार त्रिकोण उरतात. आठही त्रिकोण एकरूप असल्यामुळे चौकोन आयताच्या निम्मा, म्हणजे ६००. सूत्रातील ‘निम्मे’ इथून येते. निम्मे करायचे विसरले, तर उत्तर बाहेरच्या संपूर्ण आयताचे येते.

गोंधळाचे आणखी एक कारण आपल्या परिभाषेतच आहे. मराठीत ‘कर्ण’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे कर्ण, आणि काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू तीही कर्णच. समभुज चौकोनात हे दोन्ही अर्थ एकाच आकृतीत एकत्र येतात. आतील छोट्या त्रिकोणाचा कर्ण म्हणजे चौकोनाची २५ ही तिरपी बाजू, तर चौकोनाच्या कर्णांचे अर्धे भाग, १५ आणि २०, या त्याच त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या बाजू. त्यामुळे क्षेत्रफळासाठी १५ आणि २० घ्यायचे असतात. जो ‘कर्ण’ म्हणून २५ घेतो आणि १५ गुणिले २५ करतो, त्याची आकृती चुकलेली नसते; त्याने शब्दाचा दुसरा अर्थ घेतलेला असतो. म्हणून शिकवताना ‘चौकोनाचा कर्ण’ आणि ‘त्रिकोणाचा कर्ण’ असे पूर्ण म्हणावे.

बाजू आणि एकच कर्ण दिला असेल, तर पायथागोरसचे प्रमेय लावताना कर्णाचा अर्धा भाग घ्यावा लागतो. बाजू २५ आणि कर्ण १४ असेल, तर ६२५ मधून ७ चा वर्ग ४९ वजा करावा. ५७६ उरतात, त्यांचे वर्गमूळ २४ आणि दुसरा कर्ण ४८. येथे काही विद्यार्थी पूर्ण १४ चा वर्ग वजा करतात. कर्ण ३० असता तर ही चूक लगेच उघडी पडली असती, कारण ६२५ मधून ९०० वजा होत नाहीत. १४ च्या बाबतीत मात्र काहीतरी संख्या उरते आणि चूक लपून राहते. ती शोधण्याचा मार्ग असा : दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज बाजूच्या वर्गाच्या चौपट यायला हवी. १४ चा वर्ग १९६ आणि ४८ चा वर्ग २३०४, मिळून २५००. आणि ६२५ ची चौपटही २५००.

हा ताळा शाळेबाहेरही उपयोगी आहे. समजा, एखाद्या जागेचे चारही बांध टेपने मोजून प्रत्येकी २५ मीटर भरले. विकणारा म्हणतो, पंचवीस गुणिले पंचवीस, म्हणजे सव्वासहा गुंठ्यांच्या आसपास. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, तेव्हा हिशेब बरोबर दिसतो. पण टेप आडवा धरून कर्ण मोजला आणि तो ३० मीटर भरला, तर जागा ६०० चौरस मीटरच आहे; पाव गुंठा कमी. कर्ण १४ मीटर भरला, तर जागा सव्वातीन गुंठ्यांहून जरा अधिक, म्हणजे सांगितल्याच्या जवळजवळ निम्मी. चार बांध मोजून ही तफावत कधीच दिसणार नाही. दोन्ही कर्ण मोजून वरचा ताळा पाहावा. तो जुळला नाही, तर मोजणी चुकली आहे किंवा चारही बांध खरोखर समान नाहीत.

या सूत्राची मर्यादाही लक्षात ठेवावी. जेथे कर्ण परस्परांना लंब असतात, तेथेच ते चालते. ३० बाय ४० च्या आयताचे दोन्ही कर्ण ५० असतात. त्यांच्या गुणाकाराचे निम्मे १२५० येते, पण आयताचे क्षेत्रफळ १२०० आहे. आयताचे कर्ण समान असले, तरी एकमेकांना लंब नाहीत.

पालकांनी घरी मुलांना एक उदाहरण घालावे : बाजू १३, एक कर्ण १०. उत्तर १६९ आले, तर मुलाने तिरप्या बाजूला उंची मानले आहे. २४० आले, तर निम्मे करायचे राहिले. दुसरा कर्ण २४ काढून त्याने १२० हे उत्तर दिले, तर उंची किती, तेही विचारावे. १२० भागिले १३, म्हणजे सुमारे ९.२३, बाजूपेक्षा लहानच.