पेटी कोणती? आधी भोके मोजा, शिंगे नंतर पाहा



ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. आज तिला भारतनेट म्हणतात. अशी तार जिथे येऊन संपते, तिथे भिंतीवर एक-दोन पेट्या बसवलेल्या असतात. इंटरनेट बंद पडले की दुरुस्तीवाले दादा फोनवर म्हणतात, “पेटीचा फोटो पाठवा.” पण कोणत्या पेटीचा? चुकीचा फोटो गेला तर दादांची फेरी वाया जाते. चुकीची पेटी विकत आणली तर पैसे वाया जातात.

आपण सगळे आधी शिंगे पाहतो, म्हणजे अँटेना. घोटाळा तिथेच होतो. अँटेना एवढेच सांगते की ही पेटी तारेवाचूनही बोलते. पण पुष्कळ पेट्यांत अँटेना आत दडवलेली असते, म्हणून बाहेर शिंगे नसली तरी वाय-फाय असू शकते. तेव्हा आधी पेटीची भोके पाहावीत. त्यांना पोर्ट म्हणतात. ती बहुधा मागच्या बाजूला असतात.

मोडेम हा दुभाष्या आहे. आजीची अहिराणी पाहुण्याला कळली नाही तर आपण ती मराठीत सांगतो ना? तसा मोडेम बाहेरच्या तारेवरचा निरोप घरातल्या यंत्रांना कळेल असा करून देतो. म्हणून बाहेरची तार घेणारे वेगळ्याच आकाराचे भोक ही त्याची खूण. टेलिफोनच्या तारेसाठी ते अरुंद असते. काचेच्या तारेसाठी लहान चौकोनी असते आणि तिथे बहुधा हिरव्या टोकाची बारीक तार खोचलेली दिसते. काचेच्या तारेच्या या पेटीचे खरे नाव ओएनटी, पण लोक तिलाही मोडेमच म्हणतात. त्या तारेचे उघडे टोक मात्र डोळ्यासमोर धरू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

राऊटरची सगळी भोके एकाच आकाराची असतात, पण त्यातले एक बाकीच्यांपासून वेगळे काढलेले असते. त्याचा रंग निराळा असतो किंवा त्याच्यावर WAN लिहिलेले असते. बाहेरून येणारी वायर त्यात जाते. उरलेल्यांवर LAN लिहितात. रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून रंग पाठ करू नका. वेगळे कोणते ते शोधा. आत काय द्यायचे आणि बाहेर काय पाठवायचे, हे राऊटर ठरवतो.

स्विचला पाच, आठ, सोळा किंवा चोवीस सारखी भोके एका किंवा दोन ओळींत असतात आणि शिंगे नसतात. तो यंत्रे वायरने एकमेकांना जोडतो. वाय-फाय देत नाही.

ॲक्सेस पॉइंटला बहुधा एकच भोक असते, क्वचित दोन. तो छताला ताटलीसारखा चिकटलेला असतो. पुष्कळदा वीजसुद्धा त्याच वायरमधून येते, म्हणून विजेची वेगळी वायर दिसत नाही. तो वाय-फाय लांबच्या खोलीपर्यंत पोचवतो.

आता एक फोटो समजा. कार्यालयाच्या भिंतीवर दोन पेट्या आहेत. पहिलीला दोन शिंगे, हिरव्या टोकाची एक तार आणि चार सारखी भोके. शिंगे पाहून कोणी म्हणेल राऊटर. पण हिरवे टोक सांगते की ही ओएनटी आहे. हल्लीच्या अशा पेटीत चारही कामे एकत्र असतात. तिच्यातून एक वायर दुसऱ्या पेटीत जाते. दुसरीला आठ सारखी भोके आहेत, शिंगे नाहीत, आणि तिथून वायरी संगणकांकडे जातात. हा स्विच.

समजा, संगणकांवर इंटरनेट नाही, पण पहिल्या पेटीच्या वाय-फायवर मोबाईल चालतो. म्हणजे बाहेरची तार आणि पहिली पेटी ठीक आहेत. आता स्विचचा दिवा लागतो का पाहा, दोन पेट्यांमधली वायर सैल आहे का पाहा, आणि फोटो स्विचचा पाठवा.

फोटोवरून सगळेच कळत नाही. राऊटरची मांडणी बदलून त्याला ॲक्सेस पॉइंटचे काम देता येते, आणि पेटी मात्र तशीच दिसते. म्हणून मागच्या भोकांचा एक आणि खालच्या चिठ्ठीचा एक असे दोन फोटो काढावेत. चिठ्ठीवर यंत्राचे नाव असते. पण वाय-फायचा पासवर्डही तिथेच छापलेला असतो, तेवढा बोटाने झाका.

ओळखा पाहू :
१) पाच भोके, एक निळे, चार पिवळी, वर तीन शिंगे.
२) छताला गोल ताटली, एक वायर, शिंगे नाहीत.

उत्तरे : १) राऊटर. २) ॲक्सेस पॉइंट.