दोन पानांची नोट आणि न लिहिलेली एक ओळ

मालिकेच्या एका सीनमध्ये सुनंदाने अविनाशला पतसंस्थेच्या कर्जावरून टोमणा मारला आणि पुढचा अख्खा ट्रॅक कोसळला. संवाद माझे होते, म्हणून खापर माझ्यावर फुटलं. सीन शूट होऊन एडिटला गेला होता, तेव्हा कुठे चॅनेलच्या क्रिएटिव्हच्या लक्षात आलं की सुनंदाला कर्जाचं कळायचंय ते महाएपिसोडमध्ये. मग सेट पुन्हा लावा, दोघांच्या तारखा पुन्हा जुळवा. पटकथाकार सरांनी ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, ‘इतकी डिटेल नोट दिली होती. संवादलेखकांनी ती नीट वाचायला हवी होती.’ त्या एपिसोडचं मानधन कापलं गेलं. माझं, अर्थात.

नीट वाचायला हवी होती ना, म्हणून मी ती नोट त्या रात्री पुन्हा वाचली. अगदी ओळ न ओळ. तीन मिनिटांच्या सीनसाठी दोन पानं होती. ‘सुनंदा खिडकीपाशी जाते. पाठमोरी. पॉज. वळते. डोळ्यांत पाणी, पण ओघळत नाही.’ अविनाश कुठल्या हाताने फाइल पुढे करतो, हेसुद्धा होतं. मधे मधे तयार वाक्यं होती, आणि वर तोंडी सूचना, की ‘माझी वाक्यं तशीच ठेव, तू फक्त फ्लो दे.’ सही, कागद, बाबा, घर, सगळे शब्द सापडले. कर्ज हा शब्द एकदाच सापडला: ‘अविनाशच्या चेहऱ्यावर कर्जाचं ओझं स्पष्ट दिसतं.’ दिसतं, पण कोणाला? प्रेक्षकाला की समोर बसलेल्या बहिणीला? दुसऱ्या पानावर होतं, ‘सुनंदा त्याला त्याच्या लपवाछपवीबद्दल सुनावते.’ आता तिला जर काही माहीतच नाही, तर ती कसली लपवाछपवी सुनावणार? आधीच्या भागात आईने पतसंस्थेच्या माणसाचा फोन ऐकला होता, आणि आई सुनंदाच्याच खोलीत झोपते. मी जे लिहिलं, ते कुणीही लिहिलं असतं.

सरांनी हा सीन मनात पाहिला होता आणि जे पाहिलं ते उतरवून काढलं होतं. डोळ्यांतलं पाणी दिसतं, पॉज दिसतो, फाइल दिसते. सुनंदाला काय माहीत नाही, हे दिसत नाही. म्हणून नेमकं तेवढंच कागदावर आलं नाही. लांबलचक नोट लिहिणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं, असं माझं आता ठाम मत आहे. त्यांना तपशील दिल्याचं समाधान मिळतं, आणि समोरच्याला सीनचं कुंपण कुठे आहे ते कळत नाही.

पुढे मी दुसऱ्या मालिकेत पटकथेवर आले. आता नोट्स मी लिहिते आणि संवाद एक नवी मुलगी लिहिते. त्या सीनची खुमखुमी मनात होतीच, म्हणून तिला सुरुवातीचा सराव म्हणून तोच सीन दिला. नोट मात्र माझी. ती अशी होती:

‘रात्र. माजघर. सुनंदा, अविनाश. बाबांचं तेरावं आजच झालं. पाहुणे गेलेत, आवराआवर उरलीये. दोघं दिवसभर लोकांसमोर चांगलं वागून दमलीत.

अविनाशला हक्कसोडपत्रावर तिची सही हवी आहे. उद्या सकाळी अकराला दुय्यम निबंधक कार्यालयात जायचंय. काम झालं नाही तर पतसंस्थेचा माणूस दारात येईल. सुनंदाला वाटा नकोच आहे. त्याने तिला आधी विचारायला हवं होतं, एवढंच.

कर्ज प्रेक्षकाला, अविनाशला आणि आईला माहीत. सुनंदाला माहीत नाही, संशयही नाही, कारण महाएपिसोडचा हुक तोच आहे.

या सीनमध्ये ती सही करत नाही आणि नाहीही म्हणत नाही. सकाळी कागद तिच्याकडे आहे, सही न झालेला. फ्लॅशबॅक नको, बाबांच्या नटाची तारीख नाही. आईचा आवाजही नको, ती पुढच्या सीनमध्ये पहिल्यांदा बोलते. तीन मिनिटं.’

बस, एवढंच.

मूड सांगताना ‘भावुक’, ‘तणावपूर्ण’, ‘हळवा’ असले शब्द लिहूच नका. सहलेखकाला त्यातून काहीही कळत नाही. भावुक म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या सवयीचं रडणं काढून देतो. त्याऐवजी सीन सुरू व्हायच्या आधी माणसं काय करत होती ते लिहा. ‘दिवसभर लोकांसमोर चांगलं वागून दमलीत’ या एका वाक्यातून वाक्यांची लांबी ठरते, आवाजाची पट्टी ठरते. दमलेला माणूस भाषण ठोकत नाही. मग ‘पॉज’ लिहायची गरजच उरत नाही, तो आपोआप येतो.

पणाला काय लागलंय, हे लिहिताना मुदत आणि किंमत दोन्ही हवीत. अविनाशला सही हवी, एवढं पुरत नाही, कारण मग ती उद्याही मिळेल, परवाही मिळेल. अकराची वेळ आहे म्हणून आज रात्रीच बोलणं भाग आहे. आणि दोघांच्या इच्छा एकमेकींच्या थेट उलट ठेवू नका. सरांच्या नोटेत सुनंदाला घर वाचवायचं होतं आणि अविनाशला ते हवं होतं. असा सीन ‘दे’ आणि ‘नाही’ यांत अर्ध्या मिनिटात संपतो. उरलेली अडीच मिनिटं भरायला अश्रू आणावे लागतात. माझ्या नोटेत ती सही द्यायला तयारच आहे, पण न विचारता मागितलेली सही तिला द्यायची नाही. आता संवादलेखकाला खेळायला जागा आहे.

मर्यादांचं मात्र सविस्तर लिहा, इथे कंजुषी नको. कोणाला काय माहीत, हे प्रत्येक पात्राचं वेगळं लिहायचं, आणि त्यात प्रेक्षक हेही एक पात्र धरायचं. सीन संपतो तेव्हा वस्तू कुठे आहे आणि माणसं कुठे आहेत, ते लिहायचं; शेवटचं वाक्य लिहायचं नाही. नुसतं ‘फ्लॅशबॅक नको’ लिहिलं तर लेखक विचारतो, मग बाबांचा आवाज चालेल का, फोटो चालेल का. नटाची तारीख नाही म्हटलं की फोटो चालतो, हे त्याचं त्यालाच कळतं. म्हणून प्रत्येक मर्यादेला तिचं कारण जोडा. कारण नसलेली मर्यादा एक तर मोडली जाते, नाहीतर लेखक बिचकून तिच्या आसपासही फिरकत नाही.

सरांबरोबरची आमची ती मालिका सावंतवाडीची होती, आणि मर्यादा सांगून बाकीचं मोकळं सोडणं त्याच मातीतला दशावतार किती सहज करतो, याचा मला राग येतो. तिथे बांधून दिलेली लेखी संहिता नसते. प्रयोगाआधी आख्यान ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण कधी येणार, युद्ध कुठे, वध कोणाचा, एवढं नटांना सांगितलं जातं. बाकीचं बोलणं पेटी-पखवाजाच्या साथीत तिथल्या तिथे उभं राहतं. पण ज्या राक्षसाचा वध शेवटी व्हायचाय, त्याला मध्यरात्रीच कुणी मारून टाकत नाही. आमच्या युनिटमध्ये सेट डिझायनरपासून नटांपर्यंत दशावतार पाहत वाढलेली माणसं होती. सरांनी त्यांना विचारलं असतं तर? असो.

माझ्या नोटेवर त्या मुलीने जे लिहून आणलं, त्यातलं एक सांगते. तेराव्यासाठी शेजाऱ्यांकडून आणलेली पातेली परत करायची म्हणून सुनंदा ती भांड्यांवर कोरलेली नावं वाचून वेगळी काढते आहे. अविनाश मदतीला बसतो, कागदाचं बोलायचं धाडस होईना म्हणून. हे सावंतांचं, हे परबांचं. मग एक पितळेचं पातेलं येतं, त्यावर बाबांचं नाव. दोघंही ते हातात धरून थांबतात, कुठल्या ढिगात ठेवायचं ते ठरत नाही. आणि तेव्हा सुनंदा म्हणते, ‘दादा, हे ठेवायच्या आधी तरी विचारशील ना?’ पातेली माझ्या नोटेत नव्हती. एकही मर्यादा मोडलेली नव्हती. कर्जाचा ‘क’ नाही, सही नाही, नकार नाही. मी दोन पानांत खिडकी आणि पाठमोरी सुनंदा लिहून दिली असती तर ती मुलगी पातेल्यांपर्यंत पोचलीच नसती. तिचे सगळे कष्ट खिडकीपर्यंत जाण्यात संपले असते.

आपली नोट बरी झाली की नाही, हे असं तपासा. याच नोटेवर दोन वेगळ्या लेखकांचे दोन वेगळे सीन होऊ शकतील का? होणार नसतील तर तुम्ही सीनच लिहून टाकलाय, मग संवादाचं श्रेय आणि मानधनही स्वतःच घ्या. आणि त्या दोन्ही सीननंतर पुढचा सीन जसाच्या तसा लागू पडेल का? पडत नसेल तर एखादी मर्यादा राहिली आहे. ती शोधा, बहुधा ‘कोणाला काय माहीत’ यातच सापडते.

एखादं वाक्य तुम्हाला फारच आवडलं असेल तर ते नोटेच्या खाली वेगळं लिहा, ‘हवं तर’ म्हणून. आणि ते वापरलं नाही तर फुगून बसू नका. हे मी अनुभवाने सांगते, सर बसायचे.

नोट तारखेसह लेखी द्या. रात्री एक वाजता पाठवलेल्या व्हॉइस नोटमध्ये ‘अगं, त्या सीनमध्ये जरा हेही बघ’ असं सांगणं म्हणजे मर्यादा सांगणं नव्हे. बदल झाला तर मूळ नोटेतच करा आणि ती पुन्हा पाठवा.

ड्राफ्ट परत आला की दुरुस्त्या दोन भागांत सांगा. मोडलेली मर्यादा आधी, आणि ती नोटेतल्या कुठल्या ओळीवरून मोडली ते दाखवून. तशी ओळच नोटेत नसेल तर तो तुमचा बदल आहे, त्याचे पैसे वेगळे. आवडीनिवडी नंतर, आणि त्या मानायच्या की नाही हे लेखकावर सोडून. ही सवय लागली असती तर सरांना त्या दिवशी ग्रुपवर लिहिण्याआधी नोटेत ती ओळ शोधावी लागली असती. मी तेव्हाच त्यांना विचारलं होतं, ‘सर, कुठल्या ओळीत लिहिलंय?’ मेसेजला निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.