उंची एक, शेरे दोन

प्रश्न: माझी उंची चार फूट दहा इंच, धाकटी बहीण पाच फूट दहा. मला 'बुटकी', तिला 'ताडमाड' म्हणतात. दोघींनी काय करावं?

उत्तर: भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर, पुरुषाची 165. तुम्ही 147, म्हणजे सरासरीहून फक्त पाचने कमी; बहीण 178, म्हणजे सरासरी पुरुषाहूनही तेराने उंच. म्हणून शेऱ्यांची जात वेगळी आहे. बुटक्या बाईला लोक लहान मूल समजतात: डोक्यावर टपली मारतात, बोलणं मध्येच तोडतात. उंच बाईला पुरुषाशेजारी उभी करून मोजतात: "हिला नवरा कुठून आणायचा?" तुम्ही टपली मारणारा हात तिथल्या तिथे अडवा, "माझं वाक्य पूर्ण होऊ द्या" म्हणा. बहिणीने पोक काढून उंची लपवू नये. इंचभर कमी दिसण्यापायी मान-पाठ दुखते आणि नजरा थांबत नाहीत. "नवऱ्याची उंची मी बघेन" एवढं पुरे. "चेष्टाच तर असते" असं कुणी म्हणेल. पण नको म्हटल्यावरही जी थांबत नाही, ती चेष्टा नव्हे.