घर कोणाच्या नावावर, आणि राहण्याचा हक्क कोणाचा?

मुंबईच्या उपनगरांत घराला जे मोल आहे ते दुसऱ्या कशालाही नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील दोन खोल्यांच्या सदनिकेत सासूसासरे, मुलगा, सून व नातवंडे एकत्र नांदत असतात. घर बहुधा सासऱ्यांच्या नावावर असते, अथवा पागडीचे वा अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेले असते. अशा घरात सुनेचा छळ होऊ लागला आणि एके रात्री तिला बाहेर काढून दाराचे कुलूप बदलण्यात आले, तर तिच्या पुढे पहिला प्रश्न शिक्षेचा नसतो. आज रात्री मुलाबाळांसह जायचे कोठे, हा असतो. ‘घर तुझ्या नवऱ्याच्या नावावर नाही, तेव्हा तुझा येथे काय संबंध?’ हे वाक्य तिने अनेकदा ऐकलेले असते, आणि तेच खरे असावे असे समजून ती मुकाट्याने माहेरची वाट धरते. कायद्याचे उत्तर मात्र वेगळे आहे. ते उत्तर काय व ते प्रत्यक्षात कसे मिळवावयाचे, हे येथे पाहावयाचे आहे.

कायद्याचे स्वरूप

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यातील मूळ उपाय दिवाणी स्वरूपाचे आहेत. पतीकडून होणाऱ्या क्रूरतेबद्दल फौजदारी गुन्हा नोंदविण्याची तरतूद पूर्वीपासून होती व आजही भारतीय न्याय संहितेत ती आहे. परंतु गुन्हा नोंदविल्याने राहते घर परत मिळत नाही. उलट या अधिनियमाखालील अर्जाने कोणाला लगेच अटक होत नाही. मारहाण करू नये, घरातून काढू नये, खर्चाला रक्कम द्यावी असे आदेश दंडाधिकारी देतात. आदेश मोडला तरच शिक्षेचा प्रश्न उद्भवतो.

हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. लैंगिक अत्याचार, सततचा अपमान व धमक्या, तसेच घरखर्च न देणे, स्त्रीधन अडकवून ठेवणे, घरातील वस्तू वा जागा वापरू न देणे हा आर्थिक छळ, या सर्वांचा त्यात समावेश आहे. संरक्षण पत्नीपुरते मर्यादित नसून आई, बहीण, मुलगी यांनाही आहे. प्रारंभी अर्ज प्रामुख्याने ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येत असे. मुंबईतील एका आईने व मुलीने घरातील इतर नातलगांविरुद्ध केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ रोजी ते शब्द घटनाबाह्य ठरवून वगळले. तेव्हापासून छळ करणारी स्त्री असली तरी तिच्याविरुद्ध अर्ज चालतो.

सामायिक घर म्हणजे काय?

अधिनियमाच्या कलम १७ अन्वये कौटुंबिक नात्यातील प्रत्येक स्त्रीला ‘सामायिक घरा’त राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. परंतु सामायिक घर कोणते, याविषयी दीर्घकाळ वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेल्या एका निकालाचा अर्थ असा लावला जाई की, घर पतीच्या मालकीचे वा भाड्याचे असेल, किंवा पती ज्याचा सदस्य आहे त्या एकत्र कुटुंबाचे असेल, तरच ते सामायिक घर होय. परिणामी घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढे दाखविले की सुनेचा दावा फेटाळला जाई. उपनगरांतील बहुसंख्य घरांची स्थिती पाहता या निकालाचा फटका किती दूरवर पोहोचला असेल, याची कल्पना येऊ शकते.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आहुजा प्रकरणात हा अर्थ चुकीचा ठरविला. घर पतीच्या नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी ती स्त्री त्याच्यासह तेथे कौटुंबिक नात्याने राहत असेल किंवा राहिलेली असेल, तर ते सामायिक घर होऊ शकते, असे न्यायालयाने सांगितले. मात्र ते राहणे घर करून राहण्यासारखे, काहीशा कायमपणाचे असावयास हवे. दिवाळीला चार दिवस दिराकडे मुक्काम केला म्हणून दिराचे घर सामायिक होत नाही.

एक उदाहरण

हे सर्व व्यवहारात कसे घडते हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलुंडमधील एका गृहनिर्माण संस्थेत सासऱ्यांच्या नावाची दोन खोल्यांची सदनिका आहे. सून तेथे सात वर्षे नांदली. ती अंधेरीस एका कार्यालयात नोकरीला आहे. एका रात्री पतीने मारहाण करून तिला व पाच वर्षांच्या मुलीला बाहेर काढले. ती घाटकोपरला भावाकडे आली.

पहिले काम वैद्यकीय तपासणीचे. पालिकेच्या रुग्णालयात गेल्यावर जखमा कशाने व कोणी केल्या हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. ‘पडले’ असे सांगितल्यास तो कागद पुढे तिच्याच विरुद्ध वापरला जातो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालच्या सुमारास ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले आणि पुढे इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली, ती याच गरजेतून.

दुसरे काम संरक्षण अधिकाऱ्यांना भेटण्याचे. महिला व बालविकास विभागामार्फत हे अधिकारी नेमलेले असतात. ते विहित नमुन्यात ‘कौटुंबिक घटना अहवाल’ तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे व पोलीस ठाण्याकडे पाठवितात. हा अहवाल उपयुक्त असला तरी त्यावाचून अर्ज अडत नाही. स्त्रीला थेट न्यायालयात अर्ज करता येतो आणि अहवाल नसतानाही आदेश देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी स्पष्ट केले आहे. वकिलासाठी पैसे नसल्यास विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.

तिसरा प्रश्न न्यायालय कोणते? स्त्री जेथे कायमची वा तात्पुरती राहते, जेथे नोकरी करते, जेथे उत्तरवादी राहतो, किंवा जेथे घटना घडली, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. म्हणजे आपल्या उदाहरणातील स्त्रीला घाटकोपर, अंधेरी किंवा मुलुंड यांपैकी ज्या भागाचे न्यायालय सोयीचे असेल ते निवडता येईल. ती रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातील माहेरी गेली असती, तर तेथील तालुक्याच्या न्यायालयातही अर्ज करता आला असता. गावातील पंचायत सदस्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. अर्जासाठी तिला मुंबईस परत धाडण्याचे कारण नाही.

अर्जात काय मागावे?

पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे अधिनियम सांगतो. प्रत्यक्षात या मुदती पुष्कळदा पाळल्या जात नाहीत. म्हणूनच मूळ अर्जासोबत कलम २३ अन्वये अंतरिम आदेशाचा अर्ज व त्याचे शपथपत्र जोडणे अगत्याचे असते. प्रथमदर्शनी हिंसाचार दिसून आल्यास दुसऱ्या बाजूला ऐकण्यापूर्वीच दंडाधिकारी एकतर्फी आदेश देऊ शकतात.

निवास आदेशात अनेक गोष्टी मागता येतात. घराबाहेर काढू नये. काढले असल्यास पुन्हा प्रवेश द्यावा. घर विकू वा गहाण ठेवू नये. भाड्याचे वा कराराचे घर असल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून त्यावरील हक्क सोडून देऊ नये. ही शेवटची मागणी उपनगरांत फार महत्त्वाची आहे, कारण पती गुपचूप करार संपवून निघून गेला की राहण्याचे ठिकाणच उरत नाही. एकत्र राहणे धोक्याचे असेल तर तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे मागता येते. छळ करणाऱ्या पतीला घराबाहेर राहण्याचाही आदेश होऊ शकतो. मात्र सासू वा नणंद यांना, म्हणजे कोणाही स्त्रीला, घराबाहेर काढण्याचा आदेश देता येत नाही.

येथे एक चूक वारंवार घडते. केवळ निवास आदेश मागितला जातो आणि कलम १८ चा संरक्षण आदेश राहून जातो. आदेशभंगाबद्दल एक वर्षापर्यंत कारावास वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही कलम ३१ ची शिक्षा ‘संरक्षण आदेशा’च्या भंगासाठी लिहिलेली आहे. सबब दोन्ही आदेश एकत्र मागावेत, आणि पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी अंमलबजावणीस साहाय्य करावे असा निर्देशही मागून घ्यावा. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. ती पोलीस ठाण्यात दाखल झाली आहे ना, याची खात्री करून मगच कुलूपबंद दारापाशी जावे.

हक्काच्या मर्यादा

आपल्या उदाहरणातील सासरे म्हणतील, ‘घर माझ्या कष्टाचे आहे.’ ते खरेच आहे, व कायदा ते नाकारीत नाही. सुनेला मिळतो तो राहण्याचा हक्क. त्याने मालकी येत नाही, वाटणी मागता येत नाही. आहुजा निकालातही हा हक्क अबाधित नसून वृद्ध सासूसासऱ्यांना शांततेने जगता यावे याचाही विचार व्हावा, असे सांगितले आहे. म्हणून एखाद्या प्रकरणात एक खोली व स्वयंपाकघर वापरू द्यावे असा, तर दुसऱ्यात पतीने इतरत्र भाडे भरावे असा आदेश होऊ शकतो. कायदेशीर मार्गाने तिला बाहेर काढण्याची वाट मालकाला खुली आहे. कुलूप बदलणे हा तो मार्ग नव्हे.

अलीकडे काही कुटुंबांत ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करून सुनेला घराबाहेर काढण्याचा प्रयत्न होतो. त्यामागे कधी खरी व्यथा असते, तर कधी मुलगाच आईवडिलांना पुढे करतो. १५ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, त्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा निवासाचा हक्क डावलता येणार नाही. दोन्ही कायद्यांचा मेळ घालावयास हवा. न्यायाधिकरणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी सुनेचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे आहे काय, हे आदेशापूर्वी विचारून घेणे इष्ट.

इतरांचे काम

हिंसाचार घडला आहे वा घडण्याचा संभव आहे असे वाटणारी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकते, आणि सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. वर्गातील मूल चार दिवस गणवेशावाचून मामाच्या घरून येऊ लागले, तर ते शिक्षकांच्या प्रथम लक्षात येते. अशा वेळी आईला बोलावून ‘जुळवून घ्या’ असे सांगण्यापूर्वी संरक्षण अधिकाऱ्यांचे कार्यालय कोठे आहे ते सांगावे. समेट पुढेही होऊ शकतो; परंतु ती घराबाहेर पडल्यावर जितके महिने लोटतील, तितके ‘ती स्वखुशीने गेली’ असे म्हणणे दुसऱ्या बाजूला सोपे होत जाते.