समभाग आणि खरेदीचा हक्क

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २००१ साली सुरू झालेले समभागांचे ‘ऑप्शन’ व्यवहार आज नालवाडीसारख्या गावातूनही भ्रमणध्वनीवरून करता येतात. ठरावीक दिवशी ठरावीक भावाने समभाग घेण्याचा हक्क म्हणजे ‘कॉल ऑप्शन’.

समजा, समभागाचा भाव १,००० रुपये असून महिन्याअखेर तो ८०० रुपयांना घेण्याचा हक्क २०७ रुपयांना मिळतो. यांपैकी २०० रुपये हे दोन भावांतील अंतर होय. उरलेल्या ७ रुपयांत ८०० रुपये महिनाभर स्वतःजवळ राहिल्याचे व्याज आणि भाव ८०० च्या खाली गेल्यास लाभणाऱ्या संरक्षणाची किंमत येते. भाव तेवढा घसरण्याचा संभव अल्प असल्याने हक्क बजावला जाणार, हे जवळजवळ निश्चित असते. म्हणूनच समभाग १० रुपयांनी चढला वा उतरला, की हक्काची किंमतही जवळपास तेवढीच हलते.

थोड्या काळासाठी समभागाऐवजी असा हक्क घेतल्यास तोट्याला मर्यादा पडते. मुदतीअखेर भाव ७०० झाल्यास समभागधारक ३०० रुपये गमावतो, हक्कधारक २०७. परंतु भाव ९५० झाला, तर समभागधारकाचे पाच टक्केच जातात. हक्कधारकाचे भांडवल मात्र चौथ्या हिश्श्याहून अधिक घटते. त्यास लाभांशही मिळत नाही. अशा हक्कांना गिऱ्हाईक थोडे असल्याने खरेदी-विक्रीच्या भावांतील तफावतही मोठी असते.

ऑक्टोबर २०१९ पासून असे सर्व समभाग-व्यवहार मुदतीअखेर प्रत्यक्ष समभाग देऊन-घेऊन पुरे होतात. ५०० समभागांच्या हक्कासाठी तेव्हा ४ लाख रुपये लागतील. ही रक्कम बाजूला ठेवली असेल, तरच हा हक्क समभागाची जागा घेऊ शकतो. अन्यथा मुदतीपूर्वी तो विकून मोकळे होणे भाग आहे.